हॅमर गिलाव्यावर, दाखला कॉलमला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या इमारतीच्या तपासणीची कालच्या अंकातली बातमी वाचली. सोबतचा फोटो पाहून राहवेना. त्यात रिबाउंड हॅमर, म्हणजे आपटून किती उसळतो त्यावरून काँक्रीटचा अंदाज देणारं यंत्र, टेकवलाय तो रंगवलेल्या गिलाव्यावर, आणि खाली ओळ ‘काँक्रीट भक्कम असल्याचा निर्वाळा’. निर्वाळा कसला? गिलावा काढून, काँक्रीट घासदगडाने घासून मगच हॅमर मारायचा असतो.

आम्ही यातून गेलो आहोत. २०१९च्या महापुरात आमच्या पार्किंगमध्ये पाणी साचलं होतं, म्हणून नंतर तपासणी करून घेतली. इमारत १९८१ची, काँक्रीट १:२:४, म्हणजे एम १५, चौ. मिमीला १५ न्यूटन ताकदीचं. पहिल्या माणसाने गिलावा काढून हॅमर मारला, रीडिंगची सरासरी ३६ आली. हॅमरवरच्या आलेखावरून त्याने ताकद ३० लिहिली आणि पैसे घेऊन गेला. एम १५चं काँक्रीट चाळीस वर्षांनी दुप्पट कसं झालं, हे विचारलं तर उत्तर नाही.

मी हट्टाने तीन कोअर, म्हणजे कॉलममधून कापलेले काँक्रीटचे दंडगोल, काढायला लावले. आधी टेकू दिले, रीबार लोकेटरने सळ्या शोधल्या, मग १०० मिमी व्यासाचे, २०० मिमी लांबीचे कोअर कापले. पहिला ६६ किलोन्यूटनला फुटला. क्षेत्रफळ ७,८५० चौ. मिमी, म्हणजे ८.४. लांबी व्यासाच्या दुप्पट असल्याने त्याला १.२५ने गुणलं की घनाची ताकद साडेदहा न्यूटन. बाकीचे दोन १२ आणि ९.६. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे तिघांची सरासरी एम १५च्या ८५ टक्के, म्हणजे पावणेतेरा हवी, आणि एकही सव्वाअकराच्या खाली नको. आमची सरासरी १०.७, आणि दोन कोअर सव्वाअकराच्याही खाली!

हॅमरचा आकडा का फुगला, ते त्या फुटलेल्या कोअरवरच दिसलं. त्यावर फिनॉल्फथॅलिन मारलं, तर आतला भाग गुलाबी झाला, बाहेरचे ४० मिमी मात्र जसेच्या तसे. न रंगलेला तो बाहेरचा थर इतक्या वर्षांत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक केलेला असतो. हॅमर जेमतेम वरच्या ३० मिमीचंच सांगतो, म्हणजे आमच्याकडे त्याने फक्त तो कडक थर मोजला. शिवाय हॅमरवरचा आलेख ताज्या काँक्रीटवरून बनवलेला. हॅमर वाईट नाही. कुठला कॉलम इतरांपेक्षा कमजोर वाटतो हे तो दाखवतो, पण आकडा कोअरनेच घ्यावा लागतो. कोअर काढायच्या जागेवर आधी हॅमर मारून ठेवला, तर बाकीच्या कॉलमांची रीडिंगही त्या कोअरशी ताडून वाचता येतात.

आणखी एक. कोअर काढणाऱ्यांनी भोकं साध्या वाळू-सिमेंटने बुजवली. मसाला आकसला आणि कडेने नखभर फट पडली. नॉन-श्रिंक ग्राउट भरायला आम्हाला पुन्हा वर्गणी काढावी लागली. बातमीतल्या इमारतीचे कोअर घेतले की नाही, ते कृपया छापा. तिथेही माणसं राहतात.

आपला,
एक सोसायटी सभासद, सांगली