जेलीची गोळी शाकाहारी की मांसाहारी?

महोदय,

'जेली घट्ट करणारे जिलेटिन वनस्पतीपासूनही बनते,' असे मिठाईच्या दुकानांत सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी, किंवा माशांच्या कातडीतील कोलॅजेन या प्रथिनापासूनच तयार होते. वनस्पतीपासून बनणारे घट्टकारक पदार्थ वेगळे: फळांतील पेक्टिन, समुद्री शेवाळातील अगर आणि कॅराजीनन.

पाकिटावर आधी खूण पाहावी. हिरव्या चौकोनात हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. मग घटकांची यादी वाचावी. तिथे फसगत घटकांच्या सांकेतिक आकड्यांमुळे होते. ४४० म्हणजे पेक्टिन, ४०६ अगर, ४०७ कॅराजीनन. परदेशी पाकिटावर कधीकधी दिसणारे ई ४४१ मात्र जिलेटिन. एका अंकाचा फरक, तोही मुंगीच्या अक्षरांत! अशा पाकिटावर आयातदाराचे स्टिकर असते, खूण त्यावर शोधावी. नुसते 'हलाल' लिहिले म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. त्यातले जिलेटिन गाईम्हशीचे किंवा माशाचे असू शकते.

खरी अडचण सुट्या मालाची. सांगलीच्या बाजारात बरणीतून वजनावर मिळणाऱ्या जेली आणि मार्शमॅलोवर काहीच छापलेले नसते. दुकानदाराकडे मूळ खोका मागावा. तो दाखवत नसेल तर शाकाहाऱ्याने ती गोळी घेऊ नये.

– एक वाचक, सांगली