पगारपत्रकातील पीएफ, ईएसआय व व्यवसाय कर कपातीच्या चुकांबाबत तक्रार

दिनांक : 18 नोव्हेंबर 2024

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
पगारपत्रक सेवा विभाग

विषय : एप्रिल ते ऑक्टोबर 2024 च्या पगारपत्रकांत वेतनमर्यादा चुकीच्या रकमेला लावल्याबाबत, दुरुस्ती, फरकाचे चलन आणि व्याजाची जबाबदारी याबाबत

महोदय,

आमच्या महाराष्ट्रातील कारखान्याच्या 34 कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक एप्रिल 2024 पासून आपल्याकडे तयार होते. ऑक्टोबरचे पत्रक आम्ही हजेरी, नेमणूकपत्रे आणि चलने समोर ठेवून ओळीओळीने तपासले आणि मग मागचे सहा महिनेही उघडले. चुका वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांच्या आहेत, पण बहुतेकींचे मूळ एकच आहे. आपली शीट त्या महिन्यात प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम बघते, ती मर्यादेच्या वर गेली की कपात शून्य करते आणि खाली आली की पुन्हा सुरू करते. पीएफ आणि ईएसआयच्या मर्यादा अशा चालत नाहीत.

कर्मचारी कोड 017 च्या नोंदी पाहिल्या तर हे लगेच दिसेल. जूनपर्यंत त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,600 व घरभाडे भत्ता 6,000, म्हणजे एकूण 20,600 रुपये होता. 1 जुलैपासून पगारवाढ झाली आणि हे आकडे 15,800 व 6,600, एकूण 22,400 झाले. जुलै आणि ऑगस्टमध्ये आपल्या शीटने त्यांचा पीएफ शून्य आणि ईएसआयही शून्य दाखवला. सप्टेंबरमध्ये त्यांचे दोन दिवस बिनपगारी होते, त्यामुळे मूळ पगार 14,747 आणि एकूण पगार 20,907 आला. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आल्याबरोबर शीटने 1,770 रुपये पीएफ आणि 157 रुपये ईएसआय कापला. ऑक्टोबरमध्ये हजेरी पूर्ण, आणि दोन्ही कपाती पुन्हा शून्य. दोन दिवस गैरहजर राहिल्यामुळे माणूस महिन्याभरापुरता पीएफचा सभासद होतो आणि हजर राहिला की सभासदत्व जाते, असे कोणत्याही कायद्यात नाही. एखाद्या कर्मचाऱ्याची कपात अशी लागते-विझते दिसली, तर पत्रक तयार करणाऱ्यानेच तिथे थांबून पाहायला हवे होते.

आधी पीएफ घेऊ. 15,000 रुपयांची मर्यादा नव्याने लागणाऱ्या माणसाला आत घ्यायचे की नाही यासाठी पाहतात. जो आधीच सभासद आहे तो पगार वाढला म्हणून बाहेर पडत नाही. फक्त त्याची वर्गणी 15,000 वर थांबवता येते. कोड 017 हे 2021 पासून सभासद आहेत. म्हणून जुलै, ऑगस्ट आणि ऑक्टोबर या तिन्ही महिन्यांत 15,000 च्या 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये कापायला हवे होते आणि तितकाच मालकाचा हिस्सा भरायला हवा होता. त्या हिश्शातले 1,250 पेन्शन खात्यात आणि 550 भविष्य निर्वाह निधीत जातात. शिवाय विम्याचे 75 आणि प्रशासकीय आकाराचे 75. महिन्याला 3,750, तीन महिन्यांचे 11,250 रुपये आजच्या तारखेला भरायचे राहिले आहेत. सप्टेंबरचा 1,770 हा आकडा मात्र बरोबर आहे, कारण त्या महिन्यात मिळालेला मूळ पगारच 15,000 च्या आत होता. पण तो काकतालीय न्यायाने बरोबर आला आहे, सूत्र चूकच आहे.

ईएसआयची गोष्ट आणखी वेगळी. तिथे 21,000 च्या वर गेलेला माणूस खरोखरच बाहेर पडतो, पण त्याच दिवशी नाही. वर्गणीचे दोन कालखंड आहेत : 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. कालखंडाच्या मध्ये पगार वाढला तरी कालखंड संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि तीही 21,000 वर नाही, पूर्ण पगारावर. पीएफसारखी वरची टोपी इथे नाही. त्यामुळे कोड 017 ची जुलै आणि ऑगस्टची कपात 22,400 च्या 0.75 टक्के, म्हणजे 168 रुपये, आणि मालकाचा 3.25 टक्के हिस्सा 728 रुपये. दोन महिन्यांचे मिळून 1,792 रुपये राहिले. ऑक्टोबरचा शून्य इथे योग्य आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट आम्हाला चुकीपेक्षा जास्त खटकली. ईएसआयच्या पोर्टलवर शून्य दिवस दाखवायचे तर कारण निवडावे लागते, आणि ‘मर्यादेबाहेर गेला’ हे कारण पोर्टल फक्त एप्रिल आणि ऑक्टोबरच्या वेतनमहिन्यातच स्वीकारते. जुलैच्या विवरणात ते घेतले गेले नाही म्हणून आपल्याकडील कर्मचाऱ्याने ‘रजेवर’ हा पर्याय निवडला आहे. हजेरीपटावर त्या महिन्यात हा माणूस पूर्ण हजर आहे. पोर्टल अडवत होते ते नियमामुळेच. तिथे कारण बदलून पुढे जाण्याऐवजी आम्हाला एक फोन केला असता तर हे पत्र जुलैतच संपले असते.

मर्यादा तपासायचा पगार आणि वर्गणी काढायचा पगार यांतही शीट गल्लत करते. कोड 029 मे महिन्यात 24,000 रुपये पगारावर लागले. ऑक्टोबरात सहा दिवस बिनपगारी गेल्याने त्यांना 19,355 मिळाले, आणि शीटने त्यावर 145 रुपये ईएसआय कापला. मर्यादेसाठी ठरलेला महिन्याचा पगार पाहायचा असतो, कापून उरलेला नाही. 24,000 चा माणूस योजनेत नाहीच. त्यांचा विमा क्रमांकच नसल्याने हे 145 रुपये चलनात गेलेले नाहीत. पगारातून कापले आणि कुठेच भरले नाहीत, अशी ती रक्कम आमच्या खात्यात पडून आहे.

उलट प्रकार कोड 008 चा. ठरलेला पगार 20,200, त्यात ऑक्टोबरात 1,850 रुपये ओव्हरटाइम, एकूण 22,050. शीटने कपात बंद केली. ओव्हरटाइम मर्यादेसाठी धरत नाहीत, पण वर्गणीसाठी धरतात. म्हणजे हा माणूस आतच आहे आणि कपात पूर्ण 22,050 वर : 165.38, पुढच्या रुपयाला पूर्ण करून 166.

या पुढच्या रुपयावरूनच आम्हाला पहिल्यांदा शंका आली. ऑक्टोबरच्या शीटमधील ईएसआय कपातीची बेरीज चलनातील कर्मचारी हिश्शापेक्षा 134 रुपयांनी जास्त निघाली. त्यात कोड 029 चे 145 जास्तीचे, आणि अकरा कर्मचाऱ्यांचा प्रत्येकी एक रुपया कमी. आपली शीट जवळच्या रुपयाला पूर्ण करते. पीएफला ते चालते. ईएसआयमध्ये कर्मचाऱ्याचा हिस्सा नेहमी वरच्या रुपयाला न्यायचा असतो. दर महिन्याला शीटची बेरीज चलनाशी ताडून पाहिली असती तर हे दोन मिनिटांत सापडते.

व्यवसाय करात गंमत अशी की तिथे त्या महिन्याचा प्रत्यक्ष पगार पाहणे योग्यच आहे, पण आपली मर्यादा जुनी आहे. महाराष्ट्रात 2023 च्या बदलापासून महिलांना महिन्याला 25,000 रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही. शीटमध्ये अजून 10,000 ची जुनी मर्यादा आहे. आमच्या सहा महिला कर्मचाऱ्यांचे पगार 25,000 च्या आत आहेत. कोड 012 यांचा 18,600. प्रत्येकीचे सात महिने 200 रुपये कापले गेले, एकूण 8,400. आमचे विवरण वार्षिक असल्याने हा कर अजून भरलेला नाही, म्हणून नोव्हेंबरच्या पगारात तो परत देता येईल. पुरुषांची कपात तपासली, ती बरोबर आहे. फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 कापण्याची सोय शीटमध्ये आहे का, हे मात्र आताच कळवावे.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सुचवले की राहिलेली कपात पुढच्या पगारातून घेऊ. तसे करता येत नाही. ईएसआय कायद्याच्या कलम 40 प्रमाणे कर्मचाऱ्याचा हिस्सा त्याच काळाच्या पगारातून कापता येतो, नंतरच्या नाही. पीएफ योजनेच्या परिच्छेद 32 मध्येही तोच नियम आहे. नजरचुकीने राहिलेली कपात नंतर घ्यायची तर निरीक्षकाची लेखी संमती लागते. म्हणजे आजच्या घडीला कर्मचाऱ्यांचा हिस्साही आमच्याच अंगावर आहे. त्यावर दोन्हीकडे सालाना 12 टक्के व्याज लागते, आणि पीएफला महिन्याला 1 टक्का नुकसानभरपाईही.

सूत्रे आम्ही आपल्या शीटमध्ये बदलून पाहिली. पीएफ आणि ईएसआय लागू आहे की नाही, हे दर महिन्याच्या रकमेवरून न ठरवता वेगळ्या स्तंभात Y किंवा N असे नोंदवावे. पीएफचा Y एकदा लागला की पगारवाढीमुळे बदलायचा नाही. ईएसआयचा Y फक्त नेमणुकीच्या वेळी, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या पगारावरून तपासायचा. मग खालील दोन ओळी पुरतात. K मध्ये मिळालेला मूळ पगार व महागाई भत्ता, आणि M मध्ये ओव्हरटाइमसह मिळालेला पगार :

```
PF:  =IF(F7="Y",ROUND(MIN(K7,15000)*12%,0),0)
ESI: =IF(G7="Y",ROUNDUP(M7*0.75%,0),0)
```

यात 15,000 ला हजेरीच्या प्रमाणात कमी करू नये. आपल्या नव्या नमुन्यात तसे केलेले दिसले. 18,000 मूळ पगाराचा माणूस 30 पैकी 25 दिवस आला तर त्याला 15,000 मिळतात आणि पीएफ 1,800 होतो, 1,500 नाही.

आमच्या मागण्या अशा : कोड 017 आणि 008 चे फरकाचे चलन सात दिवसांत तयार करून द्यावे आणि जुलै-ऑगस्टच्या ईएसआय विवरणातील ‘रजेवर’ ही नोंद दुरुस्त करण्यासाठी लागणारे पत्र आपण तयार करावे. व्याज, नुकसानभरपाई आणि वसूल न होणारा कर्मचारी हिस्सा आपल्या पुढील बिलातून वजा करावा. कोड 029 चे 145 आणि महिलांचा व्यवसाय कर नोव्हेंबरच्या पत्रकात परतावा म्हणून वेगळ्या स्तंभात दाखवावा. पगारात मिसळू नये, नाहीतर त्यावर पुन्हा ईएसआय कापला जाईल. दुरुस्त सूत्रांची शीट आमच्या लेखी मंजुरीशिवाय नोव्हेंबरच्या पगारासाठी वापरू नये.

सोबत : कोड 017, 008, 029 व 012 यांचे हजेरीपट व पगारवाढपत्र, जुलै ते ऑक्टोबरची चलने, आणि तपासलेली शीट.

आपला विश्वासू,
लेखा व आस्थापना विभाग