आवाज आधी, चित्रं नंतर

प्रिय मंदार,

लाडूचोरीचे पॅनेल मिळाले. मुलीचा चेहरा फार गोड उतरलाय. अ‍ॅनिमेशनला हात घालण्याआधी याचं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे ही स्थिर चित्रं आवाजासोबत वेळेनुसार लावलेली कच्ची फिल्म, मात्र करच, आणि त्यात चित्रांच्या आधी आवाज लाव. प्रोजेक्ट सुरुवातीलाच सेकंदाला २४ फ्रेमवर ठेव, नंतर बदललंस तर सगळे कट सरकतात. संवाद मोबाइलवर रेकॉर्ड केलेले चालतील, फक्त बोलण्याचा वेग खरा हवा.

तुझ्या प्रसंगात मोजून तीन आवाज आहेत: झाकण निघतं, ते फरशीवर पडून गरगरतं आणि आतून आईची हाक येते. गरगरणं दोन सेकंदांचं धर, म्हणजे ४८ फ्रेम. आता यावर चित्रं बसव.

पहिली चूक हात डब्याकडे जातो तिथे होईल. स्थिर चित्र डोळा क्षणात टिपतो, मग ते रेंगाळल्यासारखं वाटतं आणि आपण ते १२ फ्रेमवर आणतो. पण स्टॉपवॉच घेऊन स्वतः करून बघ. टाचा उचलून, फळीपर्यंत हात नेऊन झाकण काढायला पावणेदोन सेकंद सहज लागतात. १२ फ्रेममध्ये ती हालचाल मावत नाही. अ‍ॅनिमेशन करताना मग वेळ वाढवावा लागतो आणि पुढचं सगळं ढकललं जातं. म्हणून पॅनेल छोटं करू नकोस, त्याचे तीन कर: उचललेल्या टाचा १४ फ्रेम, झाकणाला लागलेली बोटं १८, निघालेलं झाकण १०. वेळ खरा राहतो आणि बघणाराही कंटाळत नाही.

झाकण पडलं की मुलगी थिजते. गरगरणं संपेपर्यंत ते एकच पॅनेल राहू दे, त्यानंतर १६ फ्रेम शांतता ठेव. सगळी गंमत त्या शांततेत आहे, तिथे काटकसर नको. पण ट्रॅक अगदी रिकामा सोडू नकोस, नाहीतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. स्वयंपाकघरातला नुसता शांत आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून सगळ्या प्रसंगाखाली बारीक पसर. आईची हाक मुलीच्या चेहऱ्यावरच सुरू होऊ दे आणि ६ फ्रेमनंतर आईवर कट कर.

संगीत आत्ता अजिबात लावू नकोस. चांगली चाल वाजली की ढिला कटसुद्धा बरा वाटतो आणि दोष लपून राहतो.

कोपऱ्यात शॉटचा क्रमांक आणि फ्रेमचा आकडा टाकून फाइल काढ. गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी ती न थांबवता दाखव. त्या वेळी तू पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघ. नजर हलली की आकडा टिपून घे. दुरुस्ती करताना एखादं पॅनेल कापलंस तर त्यापुढचे आवाजही तेवढेच मागे आले का, ते तपास. झाकण जमिनीला टेकतं ती फ्रेम आणि खणखणाट जुळला नाही, तर आवाज जागेवरच राहिलाय असं समज.

पुढची फाइल आकड्यांसकट पाठव.

तुझा,
सुहास