पांढऱ्या पायांच्या माश्या

मा. संपादक,
स. न.

युद्धाच्या इतिहासावर लिहिताना तोफा, बंदुका, सेनापतींचे डाव यांवर रकानेच्या रकाने भरतात. मेलेल्यांचा आकडा मात्र एकाच ओळीत उरकला जातो आणि वाचणारा समजतो की सगळे गोळी लागूनच गेले. मी तीस-पस्तीस वर्षे रक्ततपासणीच्या कामात काढली. त्यामुळे ती एक ओळ मला नेहमी खटकते. त्याबद्दल हे पत्र.

१८९८ सालचे अमेरिका-स्पेन युद्ध घ्या. एप्रिलमध्ये सुरू झाले, ऑगस्टमध्ये तहाची बोलणीही झाली. एवढ्यात लढाईत पडलेले अमेरिकी सैनिक चारशेच्या आत होते. रोगाने गेलेले त्याच्या पाचपट. त्यातले बरेच जण तर लढाईसाठी क्युबाला जाणाऱ्या बोटीत चढलेच नव्हते. ते आपल्याच देशात, भरतीच्या छावण्यांत, विषमज्वराने म्हणजे टायफॉइडने मेले.

चौकशीसाठी वॉल्टर रीड, व्हिक्टर व्हॉन आणि एडवर्ड शेक्सपिअर या तीन डॉक्टरांचे मंडळ नेमले गेले. (हा शेक्सपिअर नाटकवाला नव्हे!) त्यांनी छावण्या पायी पालथ्या घातल्या. सैनिकांच्या शौचाचे खड्डे उघडे होते. जॉर्जियातल्या चिकामॉगा छावणीत तर जमीन खडकाळ, त्यामुळे खड्डे उथळ, आणि पाऊस पडला की घाण वर यायची. उपाय म्हणून वरून चुना भुरभुरत. त्या खड्ड्यांवर बसलेल्या माश्या उडून जेवणाच्या तंबूत जायच्या आणि त्यांच्या पायांना लागलेला चुना तिथल्या अन्नावर पांढरा दिसायचा. माशी कुठून आली हे सांगायला आणखी कोणता पुरावा हवा होता?

तोवर सगळे पाण्याला दोष देत होते. मंडळाने मात्र तंबूवार याद्या केल्या: कोण कोणाशेजारी झोपत होता, कोण कधी आजारी पडला. तेव्हा दिसले की रोग एका तंबूतून शेजारच्या तंबूत सरकत होता. पाण्याने झाला असता तर एकाच वेळी सगळीकडे उसळला असता. मंडळाचा निष्कर्ष असा की या छावण्यांत पाण्याचा वाटा किरकोळ होता, खरा प्रसार माणसाच्या हातांनी आणि माश्यांनी केला. आजाऱ्याची सेवा करायला पलटणीतलेच जवान लावत. आजाऱ्याची मलमूत्राची भांडी रिकामी करून आलेला जवान तसाच पंगतीत बसायचा.

माझ्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. पलटणीच्या डॉक्टरांनी यातल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत टायफॉइड ओळखलाच नाही. ‘मलेरिया’ लिहून क्विनीन देत राहिले. वास्तविक दोन्ही तापांची चाल वेगळी: मलेरिया हुडहुडी भरवून येतो, उतरतो, पुन्हा येतो आणि क्विनीनला दबतो. टायफॉइड दिवसागणिक पायरी पायरीने चढतो, तिथेच ठाण मांडतो आणि क्विनीनला जुमानत नाही. शंका असेल तर काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, मलेरियाचा परजीवी तिथे दिसतो. मंडळाने नेमके हेच केले, आणि ‘मलेरिया’च्या बहुतेक रुग्णांत तो सापडला नाही. टायफॉइड ओळखणारी विडाल ही रक्तचाचणीही तेव्हा नुकतीच हाती आली होती. नाव चुकल्यामुळे रुग्ण वेगळा ठेवला गेला नाही, त्याची विष्ठा निर्जंतुक झाली नाही, आणि शेजारच्या खाटेवरचा पुढचा रुग्ण झाला.

मंडळाने तपासलेल्या पलटणींत मिळून १,०७,९७३ माणसे होती. त्यांपैकी २०,७३८ जणांना टायफॉइड झाला, म्हणजे पाचात एकाला. मेले दीड हजारांवर. टायफॉइडचा जंतू १८८० मध्येच सापडला होता, म्हणजे अज्ञान हे कारण पूर्ण खरे नाही. डॉक्टर खड्ड्यांबद्दल सांगत, पण त्यांना फक्त सल्ल्याचा अधिकार; हुकूम पलटणीच्या अधिकाऱ्याचा, आणि त्याला संडासाची देखरेख हलकी वाटे.

१९११ मध्ये अमेरिकी सैन्यात टायफॉइडची लस सक्तीची झाली. पाण्यात क्लोरीन घालणे आणि खड्ड्यांची शिस्त याच सुमारास आली, म्हणून सगळे श्रेय एकट्या लसीला देता येत नाही. पहिल्या महायुद्धात तर सैन्य चाळीस लाखांचे होते, तरी टायफॉइडचे रुग्ण दीड हजारांच्या आसपासच राहिले. तरीही त्या युद्धात रोगाने गेलेले अमेरिकी सैनिक जवळजवळ लढाईत पडलेल्यांइतकेच होते. १९१८ चा इन्फ्लुएन्झा तशाच गच्च भरलेल्या छावण्यांत शिरला होता, आणि त्याच्यावर तेव्हा लस नव्हती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ