रात्री साडेअकराचा भार कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात बेसा भागातल्या ८० सदनिकांच्या एका संकुलात मी राहतो. आयुष्यभर विजेच्या कामात पर्यवेक्षक होतो, त्यामुळे संकुलात वीज गेली की शेजारी आधी माझं दार वाजवतात. यंदा नवतप्यात ते रोज रात्री साडेअकराच्या सुमारास वाजत होतं. ट्रान्सफॉर्मरनंतरचा मुख्य ब्रेकर पडायचा. चालू केला की अर्धा-पाऊण तास टिकायचा आणि पुन्हा पडायचा. तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन लोक गच्चीवर बसत. ब्रेकर खराब आहे, बदलून घ्या, असं आम्हाला सांगण्यात आलं. दुसरा बसवला, तर तोही पडू लागला.

एका रात्री क्लॅम्प मीटर घेऊन मी पॅनेलपाशी उभा राहिलो. आमचा ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीएचा, म्हणजे त्याला दर फेजला साधारण २६७ ॲम्पिअर झेपतात. ब्रेकर २८० वर लावलेला होता. तिन्ही फेजवर ३३०, २४८ आणि २६८ ॲम्पिअर भरले. एका फेजवर जास्त घरं जोडलेली, हा दोष होताच. पण तिन्हींची सरासरीच २८२ येत होती. फेज कितीही सारखे वाटले असते, तरी भार ट्रान्सफॉर्मरला जास्तच झाला असता. ब्रेकर आपलं काम चोख करत होता.

मग मंजुरीच्या वेळचा लोडचा तक्ता शोधून काढला. दर सदनिकेला ५ किलोवॅट जोडभार धरलेला, म्हणजे एकूण ४००. घरातली सगळी उपकरणं एकदम चालत नाहीत म्हणून ०.६ ने गुणून २४०. सगळ्या घरांची कमाल मागणी एकाच वेळी येत नाही म्हणून डायव्हर्सिटी फॅक्टर अडीच धरून २४० ला भागलं, आले ९६. त्यात लिफ्ट, पंप आणि सार्वजनिक दिव्यांचे २५ मिळवून १२१ किलोवॅट, म्हणजे ०.९ पॉवर फॅक्टर धरून ट्रान्सफॉर्मरच्या मापात जेमतेम १३५ केव्हीए. कागदावर २०० चा ट्रान्सफॉर्मर ऐसपैस वाटतो.

हिशेबात बेरीज-भागाकाराची चूक नाही. चूक त्या अडीचमध्ये आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. गीझरचं उदाहरण घ्या. पंधरा लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर हिवाळ्यात पाणी तापवायला पंधरा-सोळा मिनिटं घेतो आणि आपोआप बंद होतो. सकाळी सहा ते नऊ या वेळात प्रत्येक घरात तो दोनदा चालला, तरी ८० पैकी सरासरी चौदाच गीझर एका वेळी चालू असतात. ऐन गर्दीच्या वेळी पंचवीस धरा. इथे अडीचने भागणंसुद्धा कमीच आहे. इस्त्री, मिक्सर, मायक्रोवेव्ह यांचंही असंच असतं. कोणी आधी लावतो, कोणी नंतर.

एसीचं तसं नाही. तो माणसाच्या सोयीने नाही, हवेच्या तापमानाने चालतो, आणि हवा सगळ्या ८० घरांना एकच आहे. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री आत उष्णता सोडत असतात. दहा-साडेदहाला खोलीखोलीतले एसी लागतात आणि पुढचे दोन तास कॉम्प्रेसर जवळजवळ न थांबता चालतात. इन्व्हर्टर एसीसुद्धा खोली गार होईपर्यंत पूर्ण ताकदीनेच ओढतो. युरोपात प्रचलित असलेल्या कोष्टकांत पन्नासहून अधिक घरांना सुमारे ०.४, म्हणजे आपलाच अडीचचा भागाकार, दिलेला आहे. पण ते कोष्टक विजेवर घर तापवत नसलेल्या घरांसाठी आहे. विजेच्या साठवण हीटरसाठी तिथे घरांची संख्या कितीही असली तरी ०.८ धरायला सांगतात. तिथे थंडी जे करते, तेच आपल्याकडे मे महिना करतो.

आमच्याकडे नेमकी डायव्हर्सिटी किती, हे मोजायला यंत्र लागलं नाही. घरच्या मीटरवर महिन्यातली कमाल मागणी दिसते. मे महिन्यातले ८० आकडे टिपून बेरीज केली, ती २६४ किलोवॅट आली. त्या रात्री ट्रान्सफॉर्मरवर एकूण १८७ किलोवॅट भार होता. त्यातले सार्वजनिक २५ वजा केल्यावर घरांचे १६२ उरतात. २६४ ला १६२ ने भागा. उत्तर १.६ च्या आसपास येतं, अडीच नाही. तेही दहाएक कुटुंबं सुटीसाठी गावी गेलेली असताना. दर घरामागे तक्त्यात १.२ किलोवॅट होते, प्रत्यक्षात २ निघाले.

एक गोष्ट खास नागपूरची. कूलर दोनशे-अडीचशे वॅटमध्ये भागवतो, आणि कोरड्या उन्हात आमच्यातली बरीच घरं अजूनही कूलरवरच झोपतात. पण जूनच्या सुरुवातीला ढग येतात, हवेत दमटपणा चढतो, कूलर चिकचिक करू लागतो आणि तीच घरं एसीकडे वळतात. त्यामुळे पारा सर्वात वर गेला तोच दिवस कमाल मागणीचा, असं मानू नये. मोजणी पाऊस लागेपर्यंत चालू ठेवावी.

वाढीव भाराच्या अर्जावेळी काहींचं म्हणणं पडलं की धोका नकोच, सगळ्या उपकरणांची सरळ बेरीज लावा. आता घरटी ९ किलोवॅट जोडभार आहे, म्हणजे ७२० किलोवॅट. हेही मला पटत नाही. तेवढा मोठा ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही वर्षभर, चोवीस तास वीज खात राहतो. शिवाय जागेचा आणि खर्चाचा भार सभासदांवरच येतो.

आम्ही हिशेब रात्री साडेअकराचाच केला. पुढे घरटी दोन एसी होतील, म्हणजे १६० एसी, प्रत्येकी दीड किलोवॅट. आजच्या मोजणीत त्यांचं एकाच वेळी चालण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांजवळ निघालं. आम्ही पंचाहत्तर टक्के धरले, १८० किलोवॅट. पंखे, फ्रिज, दिवे, टीव्ही यांचे घरटी ४०० वॅटने ३२. पाण्याचा पंप आणि सांडपाण्याच्या मोटारी पहाटेवर ढकलल्यावर सार्वजनिक भार २५ वरून १३ वर आला. एकूण २२५. उरल्या विजेवरच्या गाड्या. वीस गाड्या ३.३ किलोवॅटने एकदम लागल्या तर ६६ किलोवॅट वाढतात आणि ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर काठोकाठ भरतो. एका वेळी आठच लावल्या तर एकूण २५१ किलोवॅट, म्हणजे २७३ केव्हीए, आणि तोच ट्रान्सफॉर्मर पुरतो. म्हणून ३१५ मागितला आणि चार्जिंगच्या पाळ्यांचा ठराव सभेत आधी मंजूर करून घेतला. घरांची फेजवाटणीही नव्याने करतो आहोत.

आपल्या दैनिकातून माझी विनंती एवढीच आहे. नव्या संकुलांच्या लोडच्या तक्त्यात एसीची ओळ वेगळी असावी, तिला वेगळा गुणक असावा आणि हा भार दिवसाच्या कोणत्या तासाचा धरला आहे ते वर लिहावं. सदनिका घेणाऱ्यांनीही बिल्डरकडे नकाशाबरोबर हा एक कागद मागावा.

आपला,
एक वाचक, बेसा, नागपूर