चलनावरची सही आणि चेकवरची सही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "तू फार भरभर बोलतेस, लिहून पाठव." म्हणून हे पत्र. एकाच आठवड्यात तुमच्या दोघांच्या हातून बरोब्बर उलट्या गोष्टी झाल्या. बाबांनी द्यायचा कोड दिला नाही आणि आई न द्यायचा कोड द्यायला निघाली होती.

आधी बाबांचं. मी पाठवलेला मिक्सर घेऊन तो मुलगा तीन जिने चढून आला, खोकं दारात ठेवलं आणि कोड मागितला. तुम्ही म्हणालात, "बँक रोज मेसेज पाठवते, ओटीपी कुणाला सांगू नका. तू कोण मागणारा?" त्याला वाटेला लावलंत आणि मिक्सर परत गेला. बँकेचं तुम्ही ऐकलंत हे बरंच केलंत, पण हा कोड बँकेचा नव्हता.

गोदीत स्टोअरला होतात तेव्हा माल मोजून घेतल्याशिवाय चलनावर सही करायचा नाहीत ना? हा कोड म्हणजे ती सही. पूर्वी हे लोक मोबाइलच्या काचेवर बोटाने सही घ्यायचे. ती कुणीही गिरगटली तरी चालायची. कुणी गल्लीच्या तोंडाशीच उभं राहून 'पोचलं' असं नोंदवायचं, तर कुणी गिऱ्हाईक वस्तू घेऊनही 'मिळालीच नाही' म्हणायचं. म्हणून आता दुकानाची यंत्रणा ऑर्डरवर दिलेल्या नंबरवर चार किंवा सहा आकडे पाठवते. डिलिव्हरीवाल्याला ते दिसत नाहीत. तुम्ही सांगितलेले आकडे त्याने त्याच्या अ‍ॅपमध्ये घातले आणि जुळले, तरच त्याची फेरी पुरी होते. महाग वस्तूंना हे हमखास असतं. तेव्हा तो मुलगा कोड मागत होता तो त्याच्या कामाचाच भाग होता. बिचारा तीन जिने फुकट चढला.

हा कोड चुकून भलत्याला सांगितला, तर जास्तीत जास्त ती वस्तू जाईल. बँकेतल्या पैशाला त्याने हात लागत नाही. पण सही आधी आणि माल मागून असं मात्र करायचं नाही. आपल्याकडे लिफ्ट नाही, त्यामुळे खालून फोन येतो, "काका, इस्त्रीवाल्याकडे ठेवतो, कोड सांगा." कोड सांगितलात की कंपनीच्या वहीत माल तुम्हाला मिळाला. नंतर खोक्यात साबणाच्या वड्या निघाल्या, किंवा इस्त्रीवाला म्हणाला माझ्याकडे कुणी काही ठेवलंच नाही, तर भांडायला तुमच्या हातात काही उरत नाही. वर या म्हणायचं. नाहीच आला तर बाबांनी खाली जाऊन खोकं हातात घ्यायचं आणि मग कोड सांगायचा.

आता आई, तुझं. दुपारी दोनला आलेला तो माणूस, हातात लहानसं खोकं, त्यावर तुझं नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळं बरोबर. 1,850 रुपये द्यायचे म्हणाला. तू म्हणालीस, आम्ही काही मागवलं नाही. तो लगेच म्हणाला, "मग कॅन्सल करतो मावशी, तुमच्या मोबाइलवर कोड आला असेल तेवढा सांगा." आणि कोड खरंच आला होता! म्हणून तुझा विश्वास बसला. चष्मा सापडेना म्हणून तू आत-बाहेर करत राहिलीस, तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात आल्या आणि तो खोकं घेऊन उतरला. तू मला तो मेसेज पाठवलास तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यात पहिलेच शब्द होते: Your WhatsApp code.

म्हणजे झालं काय? दुसऱ्या कुणीतरी आपल्या मोबाइलमध्ये व्हॉट्सअ‍ॅप उघडून तुझा नंबर घातला. तुझ्याच नावाने व्हॉट्सअ‍ॅप सुरू करायला त्याला फक्त हे सहा आकडे हवे होते. पासवर्ड लागत नाही, बँकेची माहितीही लागत नाही. तू आकडे सांगितले असतेस, तर तुझ्या मोबाइलवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं असतं आणि भिशीच्या ग्रुपवर, मामाला, मला 'अडचणीत आहे, वीस हजार पाठवा' असे मेसेज तुझ्या नावाने गेले असते. मामाने तर विचारलंही नसतं.

कोड त्याच क्षणी आला म्हणजे तो त्या खोक्याचाच, असं नसतं. दारात एक जण बोलत असतो, दुसरा कुठेतरी बसून बटण दाबतो. त्यामुळे आकड्यांकडे नंतर बघायचं, आधी आकड्यांच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते वाचायचं. पार्सलच्या मेसेजमध्ये दुकानाचं नाव असतं, वस्तूचं नाव किंवा ऑर्डरचा नंबर असतो, आणि पार्सल मिळाल्यावरच सांगा असं बहुधा लिहिलेलं असतं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तोच कोड ऑर्डरच्या पानावरही दिसतो, मी ते इथून बघून सांगू शकते. मेसेजमध्ये transaction, debit, login, UPI किंवा WhatsApp यातलं काही दिसलं, तर तो कोड दारातल्या माणसासाठी नाहीच. बाबा, ती चेकवरची सही.

'कॅन्सलचा कोड' हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच त्यात माणूस फसतो. काही कंपन्या खरंच तसा कोड पाठवतात, नाहीतर डिलिव्हरीवाला न येताच 'गिऱ्हाइकाने नाकारलं' असं लिहून मोकळा होतो. पण तो आपणच मागवलेल्या वस्तूसाठी असतो, आणि मेसेजमध्ये तसं लिहिलेलं असतं. जे मागवलंच नाही ते रद्द करायचा आपल्याला काय त्रास? "नको" म्हणायचं आणि दार लावायचं. परत नेणं हे त्याचं काम.

आणखी एक प्रकार फोनवरून चालतो. "पत्ता सापडत नाही, डिलिव्हरी बॉयशी बोलायला हा नंबर डायल करा" म्हणून ते *401* किंवा *21* ने सुरू होणारा आकडा देतात. तो डायल केला की तुमचे कॉल त्यांच्याकडे वळू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपचा कोड मेसेजऐवजी कॉल करूनही सांगितला जातो, तो मग थेट त्यांनाच ऐकू जातो. तुम्हाला कोड दिसतही नाही. चुकून डायल झालाच तर ##002# डायल करा, सगळे वळवलेले कॉल बंद होतात.

आणि बँकेचा कोड हातून गेलाच, तर एकमेकांवर चिडत बसू नका. आधी बँकेला फोन, मग सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, खातेदाराच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे मला फोन करून रडण्यात गेलेली दहा मिनिटंही महागात पडू शकतात. मला मागाहून सांगा.

शनिवारी येतेय तेव्हा दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावून देते. मग कुणाला ते सहा आकडे मिळाले तरी पिनवाचून अडेल. पिन तुम्हीच ठरवा, फक्त बाबांची जन्मतारीख नको, ती सगळ्या आळीला माहीत आहे.

मिक्सर पुन्हा मागवलाय, शुक्रवारी येईल. पैसे भरलेले आहेत. खोकं उघडून तीन भांडी आहेत का ते मोजा आणि मग कोड सांगा. त्या मुलाला पाणी विचारा. आई, चष्मा गळ्यात अडकव.

तुमची,
वैशू