यादीतला पत्ता आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र : आरोग्यमंत्र्यांना सांगलीहून खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. आमच्याकडे पोत्यांवर कर्ज मागितलं की बँकेचा माणूस आधी गोदामात येऊन पोती मोजून जातो. नुसत्या कागदावर कुणी पैसे सोडत नाही. माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन मात्र मी नुसत्या यादीवर ठरवायला निघालो होतो.

अण्णांचं वय ७१, राहायला तासगावला. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण महिन्याभरात उरकून घ्या. विमा कंपनीच्या नेटवर्क यादीत सांगलीचं एक हॉस्पिटल सापडलं. पत्ता मारुती चौकाच्या बाजूचा, एसटी स्टँडपासून जवळचा. यादीतल्या नंबरवर फोन केला तर रिंग वाजत राहिली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच गेलो. दुसऱ्या मजल्यावर फिजिओथेरपीचा क्लिनिक होता आणि खाली पानपट्टीवाला. तो म्हणाला, "दवाखाना कवाच गेला हितनं. पूर आल्यावर विश्रामबागेला गेले डॉक्टर."

विश्रामबागेला गेलो. डॉक्टर तेच, इमारत नवी, पाटीवर जुन्या नावाच्या पुढे 'मल्टिस्पेशालिटी' जोडलेलं. विमा काउंटरवरची मुलगी लगेच म्हणाली, "आहोत की आम्ही यादीत, काळजी करू नका." ती खोटं बोलत नव्हती. नाव यादीत होतंच, फक्त जागा वेगळी होती.

तिच्या डोक्यावरच भिंतीला नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. जवळ जाऊन वाचलं तर ती झेरॉक्स होती आणि तिच्यावर मारुती चौकाचा पत्ता होता. नव्या जागेच्या प्रमाणपत्राचं विचारलं तर उत्तर आलं, "प्रोसेसमध्ये आहे."

पत्र आपल्याला लिहायचं कारण तेवढंच प्रमाणपत्र आहे, साहेब. महाराष्ट्रात खाजगी हॉस्पिटलांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. महापालिका हद्दीत ती महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि ते त्या जागेपुरतंच असतं. या पत्त्यावर, इतक्या खाटांचं हॉस्पिटल चालतं, असं सरकारने सांगितलेला तेवढा एकच कागद. विमा कंपनीची यादी या कागदाच्या नकलेची नक्कल असते. हॉस्पिटलने कधीतरी करार केला, तेव्हाचा पत्ता चढला आणि तसाच राहिला.

विम्याच्या बाजूला हॉस्पिटलची ओळख एका तेरा आकडी क्रमांकावर चालते. त्याला रोहिणी क्रमांक म्हणतात. विमा माहिती ब्युरोच्या rohini.iib.gov.in या संकेतस्थळावर ती नोंदवही आहे. हा क्रमांकही जागेशी बांधलेला असतो. एकाच नावाचं हॉस्पिटल मिरजेत आणि सांगलीत असेल तर दोघांचे क्रमांक वेगळे असतात, आणि त्यातलं एकच नेटवर्कमध्ये असू शकतं. पण नोंदवहीतला पत्ताही हॉस्पिटलने बदल कळवला तरच बदलतो. म्हणून त्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. मोबाइलच्या नकाशाचं तर बोलूच नका, त्यात अजून जुन्या जागेवर खूण आहे आणि खाली लोकांनी दिलेले तारे.

विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था, म्हणजे टीपीए, तिला मी ईमेल केला. रोहिणी क्रमांक लिहिला, जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते लिहिले आणि एकच प्रश्न विचारला : अमुक तारखेला नव्या पत्त्यावर भरती झाली तर कॅशलेस मिळेल का? फोनवर आदल्या दिवशी कुणीतरी 'हो' म्हणाले होते. दोन दिवसांनी लेखी उत्तर आलं ते 'नाही' असं. करार जुन्या जागेचा, नव्या जागेची पडताळणी बाकी. नंतर त्यांच्यातल्या एकाने फोनवर समजावून सांगितलं. जुन्या क्रमांकावर पूर्वमंजुरी कदाचित मिळूनही गेली असती. अडलं असतं डिस्चार्जच्या दिवशी, बिलावर विश्रामबागचा पत्ता छापून आल्यावर. २०२४ पासून पूर्वमंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास, असं विमा नियामकाचं बंधन आहे. चांगलंच आहे ते. पण पत्त्यावरून शंका निघाली तर मंजुरीऐवजी तीन तासांत नकार हातात पडणार.

मग 'कॅशलेस एव्हरीव्हेअर'ची आठवण झाली. जानेवारी २०२४ पासून नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं, ठरलेल्या भरतीला ४८ तास आधी कळवायचं असतं. तिथेही पहिला कागद मागितला तो नोंदणीचा. आधी पैसे भरून नंतर परतावा घेऊ म्हटलं तरी वाट तिथेच अडखळते. पॉलिसीतल्या व्याख्येप्रमाणे हॉस्पिटल नोंदणीकृत असावं लागतं. नसेल तर किमान खाटा, चोवीस तास नर्स, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी हे सगळं दाखवावं लागतं. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात दहा खाटा, बाकी ठिकाणी पंधरा. सांगली दहाच्या गटात येते. पण ते सिद्ध करत कोण बसणार? टाके घातलेले अण्णा?

शेवटी मिरजेत दुसरं हॉस्पिटल बघितलं. या वेळी शहाणा झालो होतो. जिथे तपासतात तिथेच भरती करतात का, हे आधी विचारलं, कारण काहींची यादीतली जागा फक्त ओपीडीची असते आणि ऑपरेशन भलतीकडे होतं. वॉर्ड डोळ्यांनी पाहिला. एका ओळखीच्या पेशंटचं गेल्या महिन्यातलं बिल मागून घेतलं आणि वरचा पत्ता, नोंदणी क्रमांक भिंतीवरच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहिला. मुदतीची तारीखही वाचली. मग टीपीएकडून लेखी होकार घेतला. या सगळ्यात नऊ दिवस गेले. हर्निया होता म्हणून चाललं. ऑपरेशन नीट झालं, कॅशलेसही झालं.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. पुरात ज्याचं तळघर बुडालं त्याने वर जागा बघितली तर चूक काय? पण जागा बदलली की आधी नोंदणी, मग रोहिणी, मग विमा कंपन्या, ही कळवाकळवी कुणाच्या मर्जीवर राहू नये.

विमा नियामक हैदराबादला आहे, तो आपल्या अखत्यारीत नाही, हे मला कळतं. नोंदणी मात्र आपल्याकडे आहे. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी लावायला आपल्याच विभागाने सांगितलं. त्याच फलकावर नोंदणी क्रमांक, जागेचा पत्ता, मुदत आणि रोहिणी क्रमांक अशा चार ओळी वाढवायला सांगा. प्रत्येक महापालिकेची आणि जिल्ह्याची नर्सिंग होम नोंदवही घरबसल्या शोधता येईल अशी ठेवा, आणि जागा सोडलेल्या हॉस्पिटलसमोर 'या पत्त्यावर बंद' ही नोंद तारखेसह दिसू द्या. ती नोंद निघाली की विमा माहिती ब्युरोला आपोआप कळवायची सोय केली, तर विमा कंपन्यांना जुना पत्ता ठेवायला सबब उरणार नाही.

परवा अण्णांना टाके काढायला नेताना मारुती चौकावरून गेलो. यादी अजून तीच आहे. फिजिओथेरपीवाल्यांनी दाराला हाताने लिहिलेला कागद चिकटवलाय : 'हॉस्पिटल इथे नाही, विश्रामबागला आहे, कृपया बेल वाजवू नये.'

आपला,
एक विमाधारक, सांगली